‘सक्रिय ग्राहक’ प्रत्येक डॅशबोर्डवर वेगळे का दिसतात आणि जुळवलेला आकडा पुन्हा का बिघडतो

लक्षण असं होतं. विक्री विभागाचा डॅशबोर्ड आणि व्यवस्थापनाचा डॅशबोर्ड, दोन्हीवर ‘सक्रिय ग्राहक’ नावाचा चौकोन. मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही आकडे वेगळे आले म्हणून तक्रार आली. आम्ही डेटा पुन्हा भरला, एक अडकलेलं रिफ्रेश सोडवलं आणि जूनअखेर दोन्हीकडे तंतोतंत एकच आकडा आला. तक्रार बंद केली. जुलैअखेर विक्रीच्या डॅशबोर्डवर 12,480 आणि व्यवस्थापनाच्या डॅशबोर्डवर 12,317. तक्रार पुन्हा उघडली, या वेळी थोड्या चढ्या सुरात.

जूनमध्ये आम्ही काहीच दुरुस्त केलं नव्हतं, हे कळायला ऑगस्ट उजाडला. विक्रीची क्वेरी कॅलेंडर महिना मोजत होती. व्यवस्थापनाची क्वेरी अशी होती:

```sql
WHERE order_ts >= current_date - 30
  AND order_ts <  current_date
```

1 जुलैच्या सकाळी ही चालवली की 1 जून ते 30 जून मोजले जातात. जून महिना 30 दिवसांचा, म्हणून दोन वेगळ्या व्याख्या योगायोगाने एकाच जागी येऊन बसल्या. 1 ऑगस्टला हीच क्वेरी 2 जुलै ते 31 जुलै मोजते आणि फक्त 1 जुलैला खरेदी करून नंतर न फिरकलेले 163 ग्राहक गळतात. म्हणजे ही तक्रार एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आपोआप बरी होणार आणि 31 दिवसांच्या महिन्यांनंतर आपोआप परत येणार होती. तुमच्याकडेही आकडे काही महिने जुळतात आणि काही महिने जुळत नाहीत असं होत असेल, तर डेटा भरण्याची प्रक्रिया तपासण्याआधी कोणते महिने जुळले ते पाहा.

याच वेळी वित्त विभागाच्या अहवालात 11,302 सक्रिय ग्राहक होते. तो आकडा कधीच जुळला नव्हता, पण ‘वित्तवाल्यांचं वेगळंच असतं’ असं म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला होता. खरी मेख तिथे होती.

आकडे नकोत, याद्या मागा

अशा वेळी बैठक बोलावली जाते आणि प्रत्येक जण आपली व्याख्या तोंडी सांगतो. या बैठकीत वेळ घालवू नका. लोक खोटं बोलत नाहीत, पण दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या क्वेरीत नक्की कोणत्या अटी आहेत हे कोणालाच आठवत नाही. ‘आम्ही महिन्यात ऑर्डर दिलेले ग्राहक मोजतो’ या वाक्यात रद्द झालेल्या ऑर्डरी आहेत की नाहीत, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्याऐवजी एक तारीख गोठवा. आम्ही 31 जुलै धरली. प्रत्येक डॅशबोर्डमागची क्वेरी काढा, तिच्यातला `COUNT(DISTINCT …)` काढून टाका आणि तिला ग्राहकांची यादी द्यायला लावा. आकड्याशी भांडता येत नाही, पण यादीतल्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘हा तुमच्याकडे का आहे आणि आमच्याकडे का नाही’ असं विचारता येतं.

दोन्ही याद्या आधी एकाच ओळखक्रमांकावर आणाव्या लागतात. विक्रीकडे `customer_id` होता, वित्ताकडे बिलिंग खातं. बिलिंग खात्यावरून ग्राहकाकडे नेणारं टेबल आमच्याकडे होतं म्हणून हे अर्ध्या दिवसात झालं. यादीतून दुबार ओळी आणि रिकामे ओळखक्रमांक काढा. रिकाम्यांची संख्या मात्र बाजूला लिहून ठेवा, कारण `COUNT(DISTINCT customer_id)` रिकाम्या ओळी गुपचूप वगळतो आणि खातं न उघडता खरेदी करू देणाऱ्या ठिकाणी हे वगळलेले लोक हजारोंनी असू शकतात. आमच्याकडे खात्याशिवाय खरेदीच होत नव्हती, म्हणून आम्ही वाचलो.

मग दोन याद्यांची गाठ घालायची:

```sql
SELECT
  CASE
    WHEN f.customer_id IS NULL THEN 'only_sales'
    WHEN s.customer_id IS NULL THEN 'only_finance'
    ELSE 'both'
  END AS side,
  COUNT(*) AS customers
FROM sales_list s
FULL OUTER JOIN finance_list f
  ON s.customer_id = f.customer_id
GROUP BY 1;
```

MySQL वर असाल तर तिथे `FULL OUTER JOIN` नाही. दोन्ही बाजूंनी `LEFT JOIN` करून `UNION ALL` ने जोडा, दुसऱ्या भागात जुळलेले लोक पुन्हा येणार नाहीत एवढं बघा.

आमचं उत्तर असं आलं: दोन्हीकडे 11,020, फक्त विक्रीकडे 1,460, फक्त वित्ताकडे 282.

इथे थोडं थांबायला हवं. डॅशबोर्डवर दिसणारा फरक 12,480 वजा 11,302, म्हणजे 1,178 होता. पण ज्यांच्याबद्दल मतभेद आहे असे लोक 1,460 अधिक 282, म्हणजे 1,742 आहेत. उलट दिशेच्या चुका एकमेकींना खात होत्या. उद्या हे दोन आकडे योगायोगाने सारखे आले असते, तरी शेकडो लोक एका यादीत असून दुसऱ्या यादीत नसते आणि कोणाला पत्ता लागला नसता. आकडा जुळला म्हणजे व्याख्या जुळली असं नाही.

उरलेल्यांना कारणं चिकटवणं

फक्त विक्रीकडे असलेल्या 1,460 जणांतून आधी वीस नावं उचलली आणि एकेकाच्या ऑर्डरी डोळ्यांनी पाहिल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण वीसपैकी पंधरा-सोळा नावांत दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात आणि मग त्या कारणांची अट लिहून सगळी यादी चाळता येते. चाळल्यावर जे उरतात त्यातून पुन्हा वीस घ्यायचे. यादी संपेपर्यंत हेच.

आमच्याकडे निघालेली कारणं: 812 जणांच्या महिन्यातल्या सगळ्याच ऑर्डरी पैसे भरण्याआधी रद्द झालेल्या. 391 जणांना पूर्ण परतावा दिलेला. 152 जणांनी जुलैच्या शेवटच्या दिवसांत ऑर्डर दिली आणि पैसे ऑगस्टमध्ये जमा झाले. 61 खाती आमच्याच लोकांची, चाचणीसाठी उघडलेली. राहिले 44, त्यांनी बराच वेळ घेतला. त्या सगळ्यांनी 1 जुलैला पहाटे ऑर्डर दिली होती.

कारण वेळेच्या पट्ट्याचं होतं. विक्रीचं टेबल स्थानिक वेळेत लिहिलं जात होतं आणि वित्ताचं UTC मध्ये. आमची स्थानिक वेळ UTC च्या पुढे आहे, त्यामुळे 1 तारखेच्या पहाटेचा व्यवहार वित्ताच्या दृष्टीने अजून मागच्या महिन्यात असतो. हाच प्रकार महिन्याच्या दुसऱ्या टोकाला उलटा दिसला: फक्त वित्ताकडे असलेल्या 282 पैकी 68 जणांची ऑर्डर 1 ऑगस्टच्या पहाटेची होती आणि UTC मध्ये ती 31 जुलैला पडत होती. उरलेल्या 214 जणांनी जूनअखेर ऑर्डर दिली होती आणि पैसे जुलैमध्ये भरले होते. वेळेच्या पट्ट्याची चूक ओळखण्याची खूण हीच: वादातले लोक कालावधीच्या दोन्ही कडांना, दिवसाच्या ठरावीक तासांत गोळा झालेले दिसतात. वादातल्या ऑर्डरींचा तासांनुसार आलेख काढला की ते एका नजरेत कळतं.

आता ‘दोन्हीकडे’ असलेल्या 11,020 जणांकडे. त्यांना हात लावायची गरज नाही असं आम्हाला वाटलं होतं. मग एका सहकारी बाईंनी विचारलं, ‘दोन्हीकडे आहेत, पण एकाच ऑर्डरमुळे आहेत का?’ तपासलं तर 23 जण असे निघाले ज्यांची जुलैची एकमेव ऑर्डर रद्द झालेली होती, म्हणून ते विक्रीच्या यादीत, आणि जूनच्या ऑर्डरचे पैसे जुलैत आले, म्हणून वित्ताच्या यादीत. दोन वेगळ्या चुकीच्या कारणांनी तेच लोक दोन्ही याद्यांत. संख्या लहान आहे, पण तेव्हापासून मी यादीसोबत पुराव्याचा स्तंभही मागतो: हा ग्राहक सक्रिय ठरला तो कोणत्या ऑर्डरमुळे?

विपणनाचा आकडा 15,117 होता, त्यावर फार वेळ घालवला नाही. ते ॲप उघडणाऱ्यांनाही मोजत होते आणि ईमेलवरून मोजत होते. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्यांना खरोखर लागतं, कारण संदेश कोणाला पाठवायचा हे त्यावर ठरतं. त्याला ‘संपर्कातले ग्राहक’ असं वेगळं नाव दिलं आणि पुढे गेलो. दोन गोष्टी वेगळ्या असतील तर त्यांना एकाच व्याख्येत कोंबण्यापेक्षा दोन नावं देणं स्वस्त पडतं.

व्याख्येत रिकामी जागा नको

आमच्याकडे ग्लॉसरी आधीपासून होती, हे सांगायला हवं. तिच्यात लिहिलं होतं: ‘सक्रिय ग्राहक म्हणजे गेल्या महिन्यात किमान एक खरेदी केलेला ग्राहक.’ सगळ्यांनी ती वाचली होती, सगळ्यांना ती मान्य होती आणि तिन्ही विभागांचे आकडे तिच्याशी सुसंगतच होते. घोळ त्या वाक्यात जे लिहिलेलं नव्हतं त्यात होता. ‘गेल्या महिन्यात’, ‘खरेदी’ आणि ‘ग्राहक’ या तीन शब्दांत पाच-सहा निर्णय दडलेले होते आणि ग्लॉसरीने न घेतलेला प्रत्येक निर्णय क्वेरी लिहिणाऱ्याने आपल्या परीने घेतला होता.

म्हणून नवी नोंद लिहिताना आम्ही वरची कारणांची यादी समोर ठेवली आणि प्रत्येक कारणाला एक उत्तर लिहिलं.

कोणती घटना मोजायची? पैसे जमा झालेली ऑर्डर. रद्द किंवा पूर्ण परतावा दिलेली नाही. अंशतः परतावा असेल तर मोजायची, कारण माणसाने काहीतरी ठेवून घेतलं आहे. कोणती तारीख? ऑर्डर दिल्याची, पैसे जमा झाल्याची नाही. वित्ताने इथे थोडी कुरकुर केली, पण ग्राहकाची हालचाल मोजायची तर त्याने ती केली तो दिवस धरणं योग्य. पैशांची तारीख त्यांच्या महसुलाच्या आकड्यात राहतेच. वेळ? कंपनीची स्थानिक वेळ, सगळीकडे. ग्राहक म्हणजे कोण? दुबार खाती एकत्र केल्यानंतरचा `customer_key`. चाचणीची खाती वगळायची. ती कोणती हे एका टेबलात असेल आणि त्या टेबलाला मालक असेल. नाहीतर प्रत्येक क्वेरीत `NOT LIKE '%test%'` ची वेगळी आवृत्ती उगवते.

कालावधीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. कॅलेंडर महिना सोडायचा हे लवकर ठरलं, कारण फेब्रुवारीचे 28 दिवस आणि मार्चचे 31 यांची तुलना केली की काहीही न घडता मार्चमध्ये वाढ दिसते. 30 दिवसांची सरकती खिडकी बरी वाटते, पण तिच्यात प्रत्येक वार चार वेळा येतो आणि कोणतेतरी दोन वार पाचव्यांदा येतात. ते दोन वार रोज बदलतात. तुमच्याकडे आठवड्याच्या शेवटी खरेदी जास्त होत असेल, तर आलेखावर दर आठवड्याला एक लाट दिसते आणि तिचा अर्थ लावण्यात लोक अख्खी सकाळ घालवतात. 28 दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, प्रत्येक वार चारच वेळा. गूगल ॲनॅलिटिक्समध्येही सक्रिय वापरकर्त्यांचा 28 दिवसांचा आकडा मिळतो. आम्ही 28 घेतले. महिन्याचा आकडा हवा असेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा आकडा, बस.

अर्थात 28 सगळ्यांना लागू पडतीलच असं नाही. तुमचा ग्राहक साधारण दर दोन महिन्यांनी येत असेल, तर 28 दिवसांची खिडकी निम्म्या चांगल्या ग्राहकांना निष्क्रिय ठरवेल. आधी दोन खरेद्यांमधलं अंतर काढा आणि बहुतेक नियमित ग्राहक ज्या अंतरात परत येतात तेवढे पूर्ण आठवडे घ्या: 56 किंवा 84 दिवस.

आणि एक निर्णय जो बहुतेक नोंदींत नसतो: आकडा कधी पक्का होतो? 31 जुलैची ऑर्डर 5 ऑगस्टला परत केली जाऊ शकते. त्या दिवशी 31 जुलैचा आकडा एकने कमी होतो. 1 ऑगस्टला छापलेला अहवाल आणि 10 ऑगस्टला उघडलेला डॅशबोर्ड मग कितीही चांगली व्याख्या असली तरी जुळणार नाहीत. आम्ही ठरवलं की कोणत्याही दिवसाचा आकडा सात दिवस कच्चा असेल, डॅशबोर्डवर तो फिक्या रंगात दिसेल आणि त्यानंतर गोठवला जाईल. आठव्या दिवसापासून आलेले परतावे जुन्या आकड्याला हात लावणार नाहीत. तुमच्याकडे परताव्याची मुदत मोठी असेल तर सात दिवस पुरणार नाहीत. मुदत काहीही ठेवा, पण ती लिहून ठेवा.

व्याख्या एकाच ठिकाणी चालायला हवी

ही नोंद नुसती दस्तऐवजात राहिली असती तर पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच झालं असतं. ग्लॉसरीतलं वाक्य वाचून चार जणांनी चार क्वेरी लिहिल्या की चार ठिकाणी चूक व्हायला वाव. म्हणून नोंदीतल्या अटी एकाच ठिकाणी कोडमध्ये आल्या आणि ग्लॉसरीच्या पानावर त्या कोडचं नाव लिहिलं. आधी `valid_orders` नावाचा व्ह्यू, ज्यात पैसे, रद्द ऑर्डरी, परतावा, चाचणीची खाती आणि स्थानिक तारीख हे सगळं मिटवलेलं आहे. त्यावर हा:

```sql
CREATE VIEW active_customer_daily AS
SELECT d.report_date, o.customer_key
FROM calendar d
JOIN valid_orders o
  ON o.order_date_local
     BETWEEN d.report_date - 27 AND d.report_date
GROUP BY d.report_date, o.customer_key;
```

27 ही चूक नाही. `BETWEEN` दोन्ही टोकं धरतो, त्यामुळे आजचा दिवस आणि मागचे 27 मिळून 28 होतात. इथे 28 लिहिलं तर खिडकी 29 दिवसांची होते. ही एका दिवसाची चूक इतकी नेहमीची आहे की जुन्या क्वेरी वाचताना मी आधी तेवढंच पाहतो. तारखेतून थेट अंक वजा करणं PostgreSQL मध्ये चालतं, जिथे चालत नाही तिथे त्या डेटाबेसचं तारखेचं फंक्शन वापरा.

दुसरी गोष्ट, हा व्ह्यू ग्राहकांची यादी देतो, बेरीज नाही. हे मुद्दाम आहे. बेरीज दिली असती तर खरेदीच्या विभागानुसार फोड मागणाऱ्याने पुन्हा मूळ टेबलाकडे धाव घेतली असती. यादी दिल्यावर तो तिला विभागाचा स्तंभ जोडतो आणि मोजतो. त्यात एक अडचण राहते: दोन विभागांतून खरेदी केलेला ग्राहक दोन्हीकडे मोजला जातो आणि विभागांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा जास्त होते. वेगवेगळे ग्राहक मोजणारा आकडा असा बेरजेला बसत नाही, हे तक्रार करणाऱ्याला समजावून सांगता येतं, पण दर महिन्याला समजवावं लागतं. आम्ही कंटाळून नोंदीत आणखी एक ओळ घातली: विभाग म्हणजे खिडकीतल्या शेवटच्या ऑर्डरचा विभाग. आता प्रत्येक ग्राहक एकाच विभागात पडतो आणि बेरीज जुळते. आठवड्यांची बेरीज करून महिना काढू पाहणाऱ्यांना मात्र नाहीच म्हणावं लागतं.

dbt, Looker किंवा Cube यांसारखी साधनं वापरत असाल तर हीच व्याख्या त्यांच्या मेट्रिकच्या थरात लिहा. साधन कोणतं हे दुय्यम आहे. डॅशबोर्डला `orders` टेबल थेट वाचण्याची परवानगी उरली आहे का, हे महत्त्वाचं. ती उरली असेल तर कोणीतरी कधीतरी घाईत ती वापरणारच.

नवा आकडा जाहीर करण्याआधी पूल बांधा

नव्या व्याख्येने 31 जुलैचा आकडा 10,608 आला. म्हणजे सगळ्यांपेक्षा कमी. हा आकडा तसाच टाकला असता तर दुसऱ्या दिवशी ‘दोन हजार ग्राहक कुठे गेले’ म्हणून फोन आले असते आणि जुने डॅशबोर्ड कोणीतरी परत चालू केले असते. म्हणून विक्रीच्या 12,480 पासून उतरत गेलो. रद्द झालेले 812, परतावा मिळालेले 391, चाचणीची 61 खाती आणि ते चुकीच्या कारणाने जुळलेले 23 वजा केले की 11,193 उरतात. फक्त 1 ते 3 जुलैला खरेदी केलेले 488 जण 28 दिवसांच्या खिडकीबाहेर जातात, राहिले 10,705. एकाच माणसाची दोन खाती एकत्र केल्याने 97 कमी झाले आणि 10,608 आले. जुलैअखेर ऑर्डर देऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरलेले 152 जण यात आहेत, कारण आकडा गोठण्याआधी त्यांचे पैसे आले.

हा हिशेब एका पानावर सगळ्या विभागांना पाठवला. मागच्या बारा महिन्यांचा आकडाही नव्या व्याख्येने काढून दिला, नाहीतर आलेखावर ऑगस्टमध्ये एक कडा तुटल्यासारखी दिसते आणि पुढे वर्षभर ती समजावत बसावं लागतं. जुना आकडा तीन महिने शेजारी ठेवला, ‘सक्रिय ग्राहक, जुनी पद्धत’ या नावाने, बंद होण्याच्या तारखेसह.

तरीही तक्रार परत आली तर

आमच्याकडे त्यानंतर खरा दोष दोनदा निघाला.

पहिल्यांदा फरक 170 च्या आसपासचा होता. डेटा बदलत असेल असं वाटलं, पण तारीख गोठलेली होती. निघालं असं की एका विश्लेषकाने क्वेरी लवकर चालावी म्हणून `COUNT(DISTINCT)` च्या जागी `APPROX_COUNT_DISTINCT` घातलं होतं. ते अंदाजी मोजणी करतं. स्नोफ्लेकमध्ये त्याची सरासरी चूक सुमारे 1.6 टक्के असते. 10,608 वर ती जवळपास 170 होते. कोट्यवधी ओळींचा कल पाहायला ते उत्तम आहे, पण दोन डॅशबोर्ड जुळवायचे असतील तिथे नको. नोंदीत ‘मोजणी नेमकी, अंदाजी नाही’ अशी ओळ वाढली.

दुसऱ्यांदा कारण डॅशबोर्डच्या आत होतं. व्ह्यू बरोबर, क्वेरी बरोबर, पण पानावर कोणीतरी ग्राहकाच्या प्रकाराचा फिल्टर लावून तो लपवला होता, त्यामुळे प्रकार न भरलेले ग्राहक बाहेर पडत होते. क्वेरी वाचून हे कधीच सापडलं नसतं. म्हणून आता रोज पहाटे एक छोटी तपासणी चालते: प्रत्येक डॅशबोर्डच्या चौकोनात प्रत्यक्ष दिसणारा आकडा उचलायचा, व्ह्यूतल्या आकड्याशी ताळा पाहायचा आणि एकाचाही फरक असेल तर व्याख्येच्या मालकाला निरोप जायचा. विक्रीच्या किंवा वित्ताच्या कोणाला नव्हे, व्याख्येच्या मालकाला. तो एकच माणूस असतो आणि त्याचं नाव नोंदीवर असतं.

त्याखेरीज आम्ही आठ बनावट ग्राहक तयार करून एका चाचणी-टेबलात ठेवले आहेत. एकाची ऑर्डर खिडकीच्या पहिल्या दिवसाची, एकाची त्याच्या आदल्या रात्री 11.59 ची, एकाचा पूर्ण परतावा, एकाचा अंशतः, एकाची दोन खाती, एकाचे पैसे सहाव्या दिवशी आलेले, एकाचे नवव्या दिवशी आलेले आणि एक चाचणीचं खातं. उत्तर चार यायला हवं: पहिल्या दिवसाचा, अंशतः परताव्याचा, दोन खात्यांचा पण एकदाच मोजलेला आणि सहाव्या दिवशी पैसे आलेला. व्ह्यूच्या कोडमध्ये कोणी काहीही बदललं की आधी हे आठ जण त्यातून जातात. नव्या माणसाला व्याख्या समजली का हे पाहायलाही मी त्याच्यापुढे हेच आठ ग्राहक ठेवतो आणि आकडा विचारतो. बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात पाच म्हणतात, कारण नवव्या दिवशी पैसे भरलेला ग्राहक त्यांना सोडवत नाही.

व्याख्या बदलायची वेळही येईल. आमच्याकडे वर्गणीचा नवा प्रकार आला आणि ऑर्डर न देता पैसे भरणारे ग्राहक निर्माण झाले. तेव्हा जुन्या नोंदीत शब्द घुसवला नाही. दुसरी आवृत्ती केली, ती लागू होण्याची तारीख लिहिली आणि व्ह्यूच्या नावाला `_v2` जोडलं. प्रत्येक चौकोनाखाली आता बारीक अक्षरांत आवृत्ती, गोठवल्याची तारीख आणि शेवटच्या रिफ्रेशची वेळ येते. आकडे जुळत नाहीत असा निरोप आला की मी दोन्ही पडद्यांचे फोटो मागवतो आणि आधी ती बारीक ओळ वाचतो. गेल्या पाच तक्रारींपैकी चार तिथेच मिटल्या: एक पडदा कालचा होता, एकावर अजून पहिली आवृत्ती होती आणि दोन वेळा कच्चा आकडा पक्क्याशी ताडून पाहिला गेला होता. पाचवी त्या लपवलेल्या फिल्टरची होती.